रेषा सुरू कुठून करायची?

४ जून २०२४ ची सकाळ बाजारात पैसे असलेला माणूस सहसा विसरलेला नाही. १ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या आल्या होत्या. त्यांच्या भरवशावर ३ जूनला, सोमवारी, निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त उसळून २३,२६४ वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली, आकडे चाचण्यांशी जुळेनासे झाले आणि सकाळी २३,१८० च्या आसपास उघडलेला निफ्टी भर बाजारात २१,२८१ पर्यंत कोसळला. दिवस संपला तेव्हा तो २१,८८४ वर होता, म्हणजे एका दिवसात जवळजवळ सहा टक्के खाली. पुढच्या तीन दिवसांत मात्र सगळी घसरण भरून निघाली आणि शुक्रवारी, ७ जूनला निफ्टी २३,२९० वर बंद झाला.

आज तो आलेख उघडला की मधोमध एक खोल खाच दिसते. खाचेच्या टोकाला, म्हणजे भाव खाली येऊन जिथून वर वळला त्या जागेला, ट्रेडर ‘स्विंग लो’ म्हणतात. चढता भाव जिथून खाली वळतो ते शिखर म्हणजे ‘स्विंग हाय’. अशा एखाद्या वळणावर माउसने टिचकी मारायची आणि तिथून पुढे झालेल्या सगळ्या सौद्यांचा सरासरी भाव रेषेच्या रूपात काढायचा, या पद्धतीला ‘अँकर्ड व्हीवॅप’ म्हणतात. व्हीवॅप म्हणजे व्हॉल्यूमचे वजन दिलेला सरासरी भाव. अँकर म्हणजे नांगर. नांगर जिथे टाकाल तिथून हिशेब सुरू होतो आणि त्याआधीचा एकही सौदा त्यात धरला जात नाही.

वजन देणे म्हणजे काय, हे कांदा विकणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. शेतकऱ्याने सकाळी दहा क्विंटल कांदा २,००० रुपये दराने दिला आणि दुपारी दर वाढल्यावर उरलेला एक क्विंटल २,६०० ला दिला, तर ‘मला सरासरी २,३०० मिळाले’ असे तो कधीच म्हणणार नाही. त्याच्या हातात २२,६०० रुपये आले, माल अकरा क्विंटल गेला, म्हणून सरासरी बसली २,०५५ च्या आसपास. जास्त माल ज्या भावाने गेला, सरासरी त्या भावाकडे झुकते. व्हीवॅप हाच हिशेब शेअरच्या प्रत्येक कँडलसाठी करते. त्या कँडलचा भाव गुणिले त्यात विकले गेलेले शेअर, अशा सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण शेअरच्या संख्येने भागायचे.

मोठ्या फंडांच्या खरेदीखात्यात ही सरासरी फार पूर्वीपासून वापरात आहे. लाखो शेअर दिवसभरात थोडेथोडे घ्यायचे असले की दलालाने काम चोख केले का, हे त्या दिवसाच्या व्हीवॅपशी ताडून पाहतात. आपल्याकडचे नियमही हिच्यावर उभे आहेत. एखादी कंपनी ताब्यात घेताना इतर भागधारकांना किमान किती भाव द्यायचा हे ठरवताना, सेबीच्या २०११ च्या नियमांत घोषणेआधीच्या साठ व्यवहार-दिवसांची व्हॉल्यूम-भारित सरासरी हा एक निकष आहे. पण या दोन्ही ठिकाणी सुरुवात कुठून करायची ते आधीच ठरलेले असते. एका ठिकाणी सकाळी सव्वानऊची घंटा, दुसऱ्या ठिकाणी साठ दिवस.

सुरुवात बाजाराच्या वळणावरून करावी, हा विचार १९९० च्या दशकात पॉल लेव्हाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने पद्धतशीर मांडला. त्याच्या पद्धतीचे नाव ‘मिडास’. भाव वळतो तेव्हा बाजारातल्या माणसांचे मन वळलेले असते, म्हणून हिशेब त्या क्षणापासून मांडावा, असे त्याचे म्हणणे. पुढे ब्रायन शॅनन या अमेरिकन ट्रेडरने हे तंत्र सामान्य ट्रेडरपर्यंत नेले आणि २०२३ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आज आलेखाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये `Anchored VWAP` नावाचे बटण असते. रेषा काढायला दोन सेकंद लागतात. खरा विचार लागतो तो टिचकी कुठे मारायची याला.

एक कल्पित शेअर घेऊ. घसरत घसरत तो एका दिवशी तळाला गेला. त्या दिवशी घबराट होती, म्हणून दहा लाख शेअरचे सौदे झाले आणि त्यांचा सरासरी भाव २०० रुपये पडला. दुसऱ्या दिवशी २१० च्या भावाने चार लाख, तिसऱ्या दिवशी २२० ने तीन लाख आणि चौथ्या दिवशी २२५ ने तीन लाख. नांगर तळाच्या दिवशी टाकला तर वीस लाख शेअरचे ४१ कोटी ७५ लाख रुपये होतात, आणि रेषा २०८ रुपये ७५ पैशांवर येते.

आता समजा, ट्रेडरचा हात एका कँडलने उजवीकडे सरकला आणि नांगर दुसऱ्या दिवशी पडला. तळाचे दहा लाख शेअर हिशेबातून गळाले आणि रेषा एकदम २१७ रुपये ५० पैशांवर गेली. पाचव्या दिवशी भाव २१२ ला उतरला, तर पहिली रेषा सांगते की तळापासून घेणारे सरासरीने अजून फायद्यात आहेत. दुसरी सांगते की ते तोट्यात गेले. शेअर तोच, दिवस तोच, आणि निष्कर्ष एकमेकांच्या उलट.

हात डावीकडे सरकला तर? तळाच्या आदल्या दिवशी २१५ च्या भावाने दोन लाख शेअर गेले होते, असे धरू. ते मिळवले की रेषा २०९ रुपये ३२ पैशांवर येते. जेमतेम ५७ पैशांचा फरक. एका बाजूला पावणेनऊ रुपये आणि दुसऱ्या बाजूला ५७ पैसे, हा फरक का पडतो ते नीट समजून घ्यायला हवे, कारण अँकर निवडण्याची निम्मी विद्या त्यात आहे. रेषा दिवस मोजत नाही, शेअर मोजते. ज्या कँडलमध्ये सर्वांत जास्त माल हातोहात बदलला ती कँडल आत आहे की बाहेर, यावर रेषेची जागा ठरते. म्हणून जाणते ट्रेडर भावाच्या टोकाकडे पाहतात तसेच आलेखाच्या तळाशी असलेल्या व्हॉल्यूमच्या उभ्या पट्ट्यांकडेही पाहतात. टोक आणि सर्वांत उंच पट्टी एकाच जागी असतील तर अँकरबद्दल फारसा वाद राहत नाही. टोक आज आणि उंच पट्टी कालची असेल, तर दोन्ही रेषा काढून पाहणे बरे.

एवढे कळले की ४ जूनची खाच पुन्हा पाहावी. दैनिक आलेखावर एका दिवसाची एकच कँडल असते. बरेचसे सॉफ्टवेअर त्या कँडलचा भाव म्हणून उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची साधी सरासरी धरते. पडद्यावर तिचे नाव `hlc3` असे दिसते. त्या दिवशीचा उच्चांक सुमारे २३,१८०, नीचांक २१,२८१ आणि बंद २१,८८४. तिन्हींची सरासरी २२,११५. म्हणजे ‘तळावर’ नांगर टाकल्याचे समाधान मिळाले तरी रेषा सुरू झाली ती तळाच्या वर ८३० हून जास्त अंकांवर. सकाळी चढ्या भावात झालेले सौदे, मधली घबराट, दुपारनंतरची सावरासावर, हे सगळे त्या एका आकड्यात कालवले गेले.

तोच ट्रेडर पाच मिनिटांच्या आलेखावर गेला आणि नेमक्या नीचांकाच्या कँडलवर त्याने टिचकी मारली, तर रेषा नीचांकाच्या अगदी जवळून निघते आणि तिच्यात फक्त तळानंतरचे सौदे येतात. दोन्ही रेषांवर ‘४ जूनचा तळ’ असेच नाव लिहिलेले असेल, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पहिली विचारते की त्या दिवसापासून बाजारात आलेल्या सगळ्यांची सरासरी काय. दुसरी विचारते, तळ झाल्यावर जे आले त्यांची काय. दोन-तीन दिवसांचा सौदा करणाऱ्याला दुसरी उपयोगी. काही महिने शेअर धरणाऱ्याला पहिली पुरते, कारण पुढे जमा होणाऱ्या व्हॉल्यूमपुढे त्या दिवसातली बारीक फोड विरून जाते. ज्या मुदतीचा सौदा, त्याच मुदतीच्या आलेखावरचे वळण अँकरला घ्यावे, हा ट्रेडरांचा नियम इथून आला आहे.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट निव्वळ आकडेमोडीने पाहता येते. ५ जूनला निफ्टीचा `hlc3` सुमारे २२,३६१ होता. दोन दिवसांच्या व्हॉल्यूमचे प्रमाण काहीही असो, ४ जूनपासून काढलेली दैनिक रेषा ५ जूनच्या अखेरीस २२,११५ आणि २२,३६१ यांच्या दरम्यानच असणार. निफ्टी त्या दिवशी बंद झाला २२,६२० वर, म्हणजे रेषेच्या स्पष्ट वर. ४ जूनला तो स्वतःच्याच रेषेखाली २३० अंकांवर बंद झाला होता. तळापासूनच्या सरासरीखाली असलेला भाव एका दिवसात तिच्या वर गेला, तेव्हा बाजू खरेदीदारांकडे वळल्याची ती पहिली खूण होती. अँकर्ड व्हीवॅप वापरणारे नेमके हेच पाहतात. भाव रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, आणि रेषेपर्यंत परत आला की तिथे खरेदी येते की विक्री.

शिखरावरून काढलेल्या रेषेत हेच उलट घडते. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक गाठला आणि तिथून महिनोन्‌महिने घसरण चालली. त्या शिखरावर नांगर टाकला की शिखरानंतर खरेदी केलेल्यांचा सरासरी भाव मिळतो. भाव त्या रेषेच्या खाली असेतोवर ही मंडळी एकूणात तोट्यात. उसळी येऊन भाव रेषेजवळ पोचला की ‘घातलेले पैसे परत मिळताहेत, निघूया’ म्हणणारे जागे होतात. अडकलेल्यांची ही सुटका ज्यांनी आपल्या घरात पाहिली आहे, त्यांना रेषेमागची मानसिकता वेगळी समजवायला नको.

तरीही या स्पष्टीकरणात एक फट आहे आणि ती झाकून ठेवणे वाचकावर अन्याय करणारे ठरेल. रेषा सौद्यांची सरासरी सांगते. आज शेअर हातात असलेल्यांची नव्हे. सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्याचा माल व्हॉल्यूममध्ये दोनदा मोजला जातो, पण संध्याकाळी त्याच्याकडे काहीच नसते. महिन्याभरापूर्वी घेणारा गेल्या आठवड्यात बाहेर पडला असेल, तरी त्याचा सौदा रेषेत कायम आहे. राष्ट्रीय शेअर बाजार दररोज प्रत्येक शेअरचे एकूण सौदे आणि त्यांतले डिलिव्हरीला गेलेले शेअर असे दोन्ही आकडे प्रसिद्ध करतो. अँकरच्या दिवशी व्हॉल्यूम प्रचंड आणि डिलिव्हरी किरकोळ असेल, तर त्या उंच पट्टीत टिकून राहिलेले खरेदीदार थोडे आणि दिवसाच्या दिवशी हात बदलणारे जास्त. असा अँकर कच्चा समजावा.

निफ्टीच्या बाबतीत दुसरी अडचण. निर्देशांक हा गणिती आकडा आहे. तो कुणी विकत घेत नाही. काही आलेखांत त्याच्याखाली जे व्हॉल्यूम दिसते ती त्यातल्या पन्नास कंपन्यांच्या शेअरसंख्येची बेरीज असते. त्यात दीडशे रुपयांचा एक शेअर आणि दहा हजारांचा एक शेअर सारखेच मोजले जातात, म्हणून स्वस्त शेअरमध्ये झालेली उलाढाल रेषा ओढून नेऊ शकते. त्यामुळे निफ्टीवर ही रेषा काढणारे सहसा निफ्टीच्या फ्युचर्सचा आलेख घेतात, कारण तिथे प्रत्यक्ष सौदे होतात. पण फ्युचर्सचा करार महिन्याला संपतो. जुना करार विझत जातो तसे व्हॉल्यूम पुढच्या करारात सरकते, म्हणून अनेक महिन्यांची रेषा काढायची तर एका कराराचा आलेख पुरत नाही, सलग जोडलेला लागतो.

शेअरच्या बाबतीत बोनस आणि विभाजनाकडे लक्ष हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेने एकास एक बोनस दिला आणि आलेखांवरचे त्याआधीचे सगळे भाव निम्मे दिसू लागले. भाव निम्मा केला तर जुने व्हॉल्यूम दुप्पट करायला हवे. एखाद्या सॉफ्टवेअरने भाव सुधारला पण व्हॉल्यूम तसेच ठेवले, तर बोनसआधीच्या प्रत्येक दिवसाला निम्मेच वजन मिळते आणि रेषा चुकीच्या जागी जाते, तीही कुठलीही सूचना न देता. तपासणे सोपे आहे. बोनसआधीचा कोणताही एक दिवस घ्यावा, शेअर बाजाराच्या त्या दिवशीच्या भावपत्रकातली शेअरसंख्या पाहावी आणि आलेखावर ती दुप्पट दिसते का ते बघावे.

सर्वांत मोठी चूक मात्र माणसाच्या मनात होते. स्विंग लो मागे वळून पाहताना स्वच्छ दिसतो. त्या दिवशी दिसत नाही. ४ जूनला दुपारी २१,२८१ हा तळ आहे हे कुणालाही ठाऊक नव्हते. म्हणून वळण ओळखण्यासाठी ट्रेडर एक नियम बांधून घेतात. मधल्या कँडलचा नीचांक तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन कँडलच्या नीचांकांपेक्षा खाली असेल, तरच तो स्विंग लो मानायचा. या नियमाने ४ जूनचा तळ ६ जूनचा बाजार मिटल्यावर पक्का झाला, आणि तोवर निफ्टी २२,८२१ वर, तळापासून १,५०० हून जास्त अंक वर गेला होता. जुन्या आलेखावर रेषा काढून ‘बघा, भाव तळानंतर लगेच रेषेवर टिकला’ असे जो दाखवतो, तो हे दोन दिवस हिशेबातून गाळत असतो.

दुसरा मोह अँकर फिरवत बसण्याचा. शेअर आधीच घेतलेला असतो, भाव रेषेखाली गेलेला असतो, मग नांगर एक वळण मागे, पुढे, आणखी मागे, असे करत भाव वर दिसेल अशी रेषा शोधली जाते. पुरेसा मोठा आलेख असला की अशी एक रेषा नक्की सापडते. ती बाजाराबद्दल काहीच सांगत नाही. यावर दोन साधे उपाय आहेत. अँकरची तारीख, वेळ आणि कारण सौदा करण्याआधी वहीत लिहायचे. ‘मतमोजणी, दिवसाचा नीचांक, सर्वांत जास्त व्हॉल्यूम’ इतकी एक ओळ पुरे. आणि नांगर एकेक कँडल दोन्ही बाजूंना सरकवून पाहायचा. वरच्या कल्पित शेअरसारखा निष्कर्ष उलटत असेल, तर त्या रेषेच्या आधारावर पैसे लावायचे नाहीत.

जुनी झालेली रेषा मंदावते, हेही लक्षात ठेवायला हवे. अँकरपासून दहा कोटी शेअरचे सौदे जमले असतील आणि आज रेषेपासून २५ रुपये दूर चार लाखांचे सौदे झाले, तर रेषा हलते सुमारे दहा पैसे. बाजारात आज काय बदलले ते अशा रेषेला जवळजवळ कळत नाही. मग नवे वळण घेऊन नवी रेषा काढावी लागते, आणि जुना अँकर सोडायचा कधी हा प्रश्न येतो.

२०२५ चा वसंत त्यासाठी चांगला. ४ मार्चला निफ्टी २१,९६५ पर्यंत उतरून वर वळला. दोन्ही बाजूंच्या कँडलच्या नियमाने तो पक्का स्विंग लो होता आणि अनेकांचा नांगर तिथे पडला असता. मग अमेरिकेच्या आयातशुल्काची घोषणा आली आणि ७ एप्रिलला निफ्टी मोठी दरी सोडून उघडला, २१,७४४ पर्यंत गेला. मार्चचा तळ मोडला. तो अँकर ज्या गृहीतावर उभा होता, म्हणजे ४ मार्चपासून बाजू खरेदीदारांची आहे, ते त्या सकाळी खोटे ठरले. त्यानंतर मार्चची रेषा आधार म्हणून वापरण्यात अर्थ उरला नाही. फार तर मार्चमध्ये घेतलेले कुठे सुटू पाहतील, ते ती दाखवत होती. नवा अँकर ७ एप्रिलचा, आणि तोही ९ एप्रिलचा बाजार मिटेपर्यंत नियमाने पक्का झालेला नव्हता.